पोलीस अंगावर आले आणि खेळ सुरू झाला

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं डंडी हे शहर एके काळी आपल्या बंगालच्या तागावर जगत होतं. तागाच्या गिरण्या बंद पडत गेल्या. पुढे तिथे घड्याळं बनवणाऱ्या टायमेक्सच्या कारखान्यात सिंक्लेअर स्पेक्ट्रम नावाचे छोटे, स्वस्त संगणक तयार होऊ लागले, आणि शहरातल्या पोरांच्या हाती संगणक पडले. डेव्हिड जोन्स हा तिथलाच तरुण नोकर. नोकरी सुटताना मिळालेल्या पैशातून त्याने अमिगा हा संगणक घेतला, त्यावर खेळ लिहायला लागला आणि १९८७ मध्ये डीएमए डिझाईन ही कंपनी काढली. १९९१ मध्ये तिच्या ‘लेमिंग्ज’ या खेळाने नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिलं. १९९५ च्या सुमारास याच कंपनीत एका नव्या खेळाचं काम सुरू झालं. त्याचं नाव होतं ‘रेस-एन-चेस’. हा खेळ जवळजवळ रद्दच व्हायचा होता. तो वाचला, आणि वाचण्याच्या कारणांमध्ये एक चक्क बग होता. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक.

‘रेस-एन-चेस’चा मार्च १९९५ चा आराखडा आज वाचायला मिळतो. कंपनीच्या पहिल्या फळीतला प्रोग्रामर माइक डेली याने २०११ मध्ये तो लोकांपुढे ठेवला. त्यातला खेळ आजच्या मानाने साधा वाटतो. शहर वरून दिसतं, म्हणजे गच्चीवरून खाली रस्ता बघावा तसं. रस्त्यांवर गाड्या आहेत. शर्यत लावायची, एकमेकांवर गाड्या आदळायच्या, बँक लुटून पळायचं. पोलीस होऊन चोर पकडण्याचीही सोय आराखड्यात होती. १९९६ च्या मध्यापर्यंत खेळ हातावेगळा करायचा बेत होता.

तसं काही झालं नाही. तो काळ बघितलेल्यांपैकी गॅरी पेन याने पुढे मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं आहे. पेन मूळचा गेमच्या मासिकातला समीक्षक. मग तो या खेळाची प्रकाशक असलेल्या बीएमजी इंटरॅक्टिव्हमध्ये होता, आणि नंतर डीएमएमध्येच आला. त्याच्या सांगण्यानुसार खेळाची अवस्था बराच काळ फार वाईट होती. काम पुढे सरकत नव्हतं आणि प्रकाशकाला तो गुंडाळून टाकावासा वाटत होता. अडचणी मुख्य दोन होत्या. गाडी हाताळायला अतिशय वाईट होती. आणि खेळ सारखा क्रॅश व्हायचा.

क्रॅश ही अडचण ऐकायला कंटाळवाणी वाटते, पण टेस्टरच्या दृष्टीने तीच सगळ्यात वाईट. कारण साधं आहे. समजा, डिझायनरने नवीन मोहीम टाकली. फोन वाजतो, अमुक गाडी चोरून तमुक गोदामात न्यायची. टेस्टर ती खेळायला बसतो. तिसऱ्या चौकात खेळ बंद पडतो. परत सुरू केला तर या वेळी पाचव्या चौकात बंद. मोहीम चांगली आहे की वाईट, हे कुणालाच कळत नाही, कारण तिच्या शेवटापर्यंत कुणी पोहोचतच नाही. पेनची तक्रार नेमकी हीच होती: खेळात एखादी गोष्ट घातली तरी ती करून बघता येत नव्हती.

मग क्रॅश आवाक्यात आले आणि गाड्या जरा बऱ्या वळायला लागल्या. खेळ हळूहळू सलग खेळता येऊ लागला. आणि एक दिवस पोलिसांचं डोकं फिरलं.

शब्दशः तसंच. पोलिसांच्या गाड्या खेळाडूच्या मागे लागून त्याला रीतसर थांबवण्याऐवजी थेट त्याच्या अंगावर येऊ लागल्या. धडक देऊन गाडी रस्त्याबाहेर फेकू लागल्या. पेनच्या म्हणण्याप्रमाणे हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पोलिसांची गाडी खेळाडूच्या आरपार जायचा प्रयत्न करत होती, एवढंच.

हे ‘आरपार जाणं’ नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण या चुकीची सगळी गंमत त्यातच आहे. खेळातल्या पोलिसाला डोळे नसतात आणि अक्कलही नसते. त्याला फक्त एक जागा दिलेली असते: इथे पोहोच. रस्ता शोधणारा कोड त्या जागेकडे जायची वाट काढतो आणि गाडी तिकडे वळवत राहतो. पाठलाग करायचा असेल तर ती जागा कोणती ठेवायची? सुज्ञ प्रोग्रामर सहसा खेळाडूच्या मागची, काही अंतर सोडलेली जागा ठेवतो, आणि जवळ गेल्यावर वेग कमी करायला सांगतो. मग पोलीस शेपटासारखा मागे राहतो. पण तीच जागा खेळाडूची स्वतःची ठेवली आणि वेग कमी करायला सांगितलंच नाही, तर पोलिसाच्या लेखी खेळाडूची गाडी अडथळा उरत नाही, ते त्याचं मुक्कामाचं ठिकाण होतं. तो पूर्ण वेगाने तिथे ‘पोहोचायला’ बघतो. त्याच वेळी प्रोग्रामचा दुसरा भाग, धडकांचा हिशेब ठेवणारा, त्याला सांगतो की दोन गाड्या एका जागी मावत नाहीत. एक भाग म्हणतो आत जा, दुसरा म्हणतो जाता येणार नाही. दोघांच्या भांडणात पोलीस पुन्हापुन्हा आदळत राहतो. खेळाडू वळला की लक्ष्य हललं, पोलीसही वळला, पुन्हा धडक. चार पोलीस असतील तर चौघांचं लक्ष्य एकच, म्हणजे चौघे चार दिशांनी त्याच एका ठिकाणी घुसायला बघणार. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की यांनी कट करून घेरलं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जण बिचारा आपापल्या पत्त्यावर जात असतो.

आता टेस्टरच्या टेबलावर जाऊ. टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर गेम खेळणं, असा आपल्याकडे गोड गैरसमज आहे. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, आणि या व्यवसायात असलेली मुलं आता मराठी घरांमध्येही सापडतात. त्यांना विचारा, ते सांगतील की काम खेळण्याचं कमी आणि लिहिण्याचं जास्त असतं. तीच भिंत शंभर वेळा घासून बघायची, कुठे आरपार जाता येतं का. आणि सापडलं की ते असं लिहायचं, की दुसऱ्या माणसाने वाचून तसंच करून दाखवावं. डंडीतली ही चूक आजच्या पद्धतीने नोंदवायची झाली, तर साधारण अशी नोंद होईल:

शीर्षक: पाठलागात पोलिसांची गाडी खेळाडूच्या गाडीत घुसण्याचा प्रयत्न करते.
कसं घडवायचं: गाडी घ्या, पोलिसांसमोर गुन्हा करा, सरळ रस्त्यावर पळा.
काय व्हायला हवं: पोलिसांनी मागे राहून अडवायला हवं.
काय होतं: वेग कमी न करता सतत धडक देतात.
किती वेळा होतं: दर वेळी.
गांभीर्य: मोठं. पळणं जवळपास अशक्य होतं.

या नोंदीत खोट काढायला जागा नाही. एकेक ओळ खरी आहे. पण हे लिहिताना टेस्टरला काय वाटत होतं, हे टाकायला तिच्यात रकाना नाही. तो चिडला होता की खुर्चीत पुढे सरकून बसला होता? गाडी उलटल्यावर त्याने कीबोर्ड बाजूला सारला, की ‘थांब, आणखी एकदा’ म्हणाला? बगच्या नोंदीची रचनाच अशी आहे की ठरलेलं काय आणि घडलेलं काय, एवढाच फरक तिच्यात मावतो. मला वाटतं, या धंद्यातली अवघड जागा हीच आहे. ठरलेलंच कंटाळवाणं असेल, तर नोंद कितीही चोख असो, ती खेळाला त्या कंटाळ्याकडेच परत नेईल.

मग ही चूक चांगली आहे हे ओळखायचं कसं? ‘मजा येते का?’ असं विचारून फारसं कळत नाही, लोक भिडेखातर हो म्हणतात. हात काय करतात ते बघावं लागतं. टेस्टरला काम दिलेलं असतं गोदामापर्यंत जाण्याचं, आणि तो गोदाम सोडून मुद्दाम पोलीस चौकीसमोरून गाडी नेतो. हरल्यावर मेनूकडे न बघता लगेच पुन्हा सुरू करतो. शेजारचा आपलं काम टाकून मागे उभा राहतो. आणि जेवणाच्या सुट्टीत सांगताना वाक्याचा कर्ता बदलतो: ‘गेम बंद पडला’ नव्हे, तर ‘मी पुलावरून उडी मारली आणि दोन पोलीस एकमेकांवर आदळले’. क्रॅशबद्दल असं वाक्य कुणी बोलत नाही. त्या गोष्टीत ‘मी’ असतच नाही.

दोन्ही बगांनी खेळाडूला हरवलंच होतं, तरी एकाने त्याला हैराण केलं आणि दुसऱ्याने खिळवून ठेवलं, याचं कारणही इथेच सापडतं. क्रॅश कुठून आला ते दिसत नाही आणि तो टाळण्यासाठी काही करता येत नाही. पोलिसाची गाडी मात्र वरून दिसणाऱ्या रस्त्यावर आधीच दिसते. ती कुठे येणार हे ठाऊक असतं, कारण ती नेहमी तुमच्याकडेच येणार. म्हणजे तिला फसवता येतं: शेवटच्या क्षणी वळा, ती भिंतीवर आदळेल. पकडापकडीत ज्याच्यावर राज्य आहे तो मुलगा जागच्या जागी उभा राहून ‘थांबा, थांबा’ म्हणत राहिला तर खेळच होत नाही, त्याने अंगावर यायलाच हवं. आराखड्यातले शहाणे पोलीस ते करत नव्हते.

अर्थात ही चूक सापडली तशीच ठेवली, असं समजण्याचं कारण नाही. ‘अरे, तो बग नाही, फीचर आहे’ हा आयटीवाल्यांचा विनोद आपल्या कानावरून गेलेला असतो, आणि त्यात आळसाला झाकण घालण्याची सोय असते. इथे तसं नव्हतं. कायमच चवताळलेले पोलीस पाच मिनिटं मजा देतात आणि सहाव्या मिनिटाला वीट येतो, कारण दुसरं काही करताच येत नाही. म्हणून वेड्या पोलिसांना मापात आणावं लागलं. १९९७ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा त्याचं नाव बदलून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ झालं होतं, आणि त्यात पोलिसांच्या रागाच्या चार पायऱ्या होत्या. पडद्याच्या वरच्या बाजूला पोलिसांची डोकी दिसायची. एक डोकं म्हणजे किरकोळ राग, चार म्हणजे आता धडगत नाही. राग शून्यावर आणण्याच्या वाटाही होत्या: रस्त्यात पडलेलं लाचेचं चिन्ह उचला, नाहीतर गॅरेजमध्ये जाऊन गाडीचा रंग बदलून घ्या. चुकीने दिलेला थरार तोच राहिला, फक्त तो कधी ओढवून घ्यायचा आणि कधी झटकून टाकायचा हे खेळाडूच्या हाती आलं. बग सापडणं हा योगायोग असेल, पण या पायऱ्या बसवणं ही रोजची, किचकट कारागिरी आहे. पोलीस किती वेगाने यावेत, किती जण यावेत, किती वेळाने नाद सोडावा, हे आकडे पुन्हापुन्हा बदलून, पुन्हापुन्हा खेळूनच ठरतात.

असंच एक उदाहरण जपानमधलं आहे, आणि त्यात सापडवणारा माणूस प्रत्यक्ष बग तपासतच होता. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा मारामारीचा खेळ १९९१ मध्ये आर्केडमध्ये आला. त्यात मधेच एक बक्षिसाची फेरी आहे: समोर मोटार उभी, ठरलेल्या वेळात तिचे तुकडे करायचे. निर्माता नोरिताका फुनामिझू ही फेरी तपासत होता. चित्रण करून बघताना त्याच्या लक्षात आलं की वेळ अगदी जुळवून मारलं, तर एका फटक्यामागोमाग आणखी फटके बसतात, जे बसू नयेत. त्याला वाटलं, ही वेळ साधणं इतकं अवघड आहे की कुणाला जमणारच नाही, राहू दे लपलेलं. खेळाडूंनी ते साधलं. एकदा फटका बसला की समोरच्याला सावरू न देता पुढचा लगावायचा, याला लोक ‘कॉम्बो’ म्हणू लागले. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ मध्ये तर कंपनीने स्वतःच पडद्यावर कॉम्बोचे फटके मोजून दाखवायला सुरुवात केली आणि त्याला गुणही दिले. आज मारामारीचा कुठलाही खेळ घ्या, कॉम्बोशिवाय सापडणं कठीण. फुनामिझूचा अंदाज फक्त एका बाबतीत चुकला: लोक किती चिकाटीने सराव करतात.

या दोन्ही उदाहरणांत एक साम्य मला महत्त्वाचं वाटतं. चूक खेळाडूच्या कौशल्याला जागा देत होती. ज्याला जमेल त्याला जमेल, बाकीच्यांना हेवा वाटेल. प्रत्येक त्रासदायक बगमध्ये अशी जागा नसते. खेळाडूचं साठवलेलं सगळं पुसून टाकणारा बग कुणालाच कधी आवडलेला नाही, आणि तो ‘फीचर’ म्हणून खपवायला गेलेला माणूस टेस्टरच्या शिव्याच खाईल.

एक सावधगिरीही घ्यायला हवी. बगच्या गोष्टी इतक्या गोड असतात की त्या खऱ्या आहेत का, हे तपासायचं कुणी मनावर घेत नाही. यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तर आपल्या गांधीजींची आहे. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१ च्या खेळात वेगवेगळ्या देशांचे नेते असतात, त्यात भारताचे महात्मा गांधी. गोष्ट अशी सांगतात की गांधींची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे १ ठेवलेली होती. देशात लोकशाही आली की ती २ ने कमी व्हायची. पण त्या संख्येला शून्याच्या खाली जाता येत नव्हतं, म्हणून ती उलटी फिरून २५५ झाली आणि गांधी जगावर अणुबॉम्ब टाकू लागले. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य कोटीतलं आहे, म्हणूनच ते पटतं. पण खेळाचा कर्ता सिड मायर याने २०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा बग मूळ खेळात नव्हताच. मजा अशी, की तोवर ‘सिव्हिलायझेशन ५’ मध्ये गांधींना अण्वस्त्रांची हौस मुद्दाम, गंमत म्हणून दिलेली होती. न झालेला बगसुद्धा लोकांना एवढा आवडला.

त्या मानाने डंडीच्या गोष्टीचा पाया जास्त पक्का आहे. सांगणारा पेन त्या कामाशी जोडलेला होता, आणि त्याने बगला सगळं श्रेय दिलेलं नाही. गाडी नीट वळू लागली नसती किंवा खेळ पाचव्या चौकाच्या पुढे टिकला नसता, तर पोलिसांचं वेड कुणाला दिसलंच नसतं. आधी कंटाळवाणे बग निस्तरले गेले, म्हणून हा बग खेळून बघता आला. शिवाय डेव्हिड जोन्सने वेगळ्या बाजूने हेच सांगितलं आहे: पोलीस होऊन खेळताना नियम पाळावे लागत, आणि त्यात कुणाला रस वाटत नव्हता. सगळ्यांना पळणारा व्हायचं होतं. अंगावर येणारे पोलीस मिळाल्यावर पळण्यात खरी गंमत आली, आणि पाठलाग करणाऱ्याची बाजू आणखीच फिकी पडली. १९९५ च्या आराखड्यातली पोलीस होऊन चोर पकडण्याची सोय १९९७ च्या खेळात नाही.